उन्हात गेम खेळताना स्क्रीन नीट दिसत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात लख्ख दिसणारी स्क्रीन बाहेर गेल्यावर काळवंडते कशी?

स्क्रीन काळवंडत नाही, ती आरसा होते. साध्या काचेवर पडलेल्या उजेडातला साधारण 4 टक्के उजेड काचेच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. घरात हे जाणवत नाही, कारण घरातला उजेड असतो 300 ते 500 लक्स. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. स्वच्छ दिवशी सावलीत तो 10 हजार लक्सच्या पुढे जातो आणि थेट उन्हात एक लाखाच्या आसपास. परत फिरणारे टक्के तेवढेच राहतात, पण 400 चे 4 टक्के आणि एक लाखाचे 4 टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गेममधल्या चित्रावर आभाळ, भिंत, तुमचा शर्ट, तुमचा चेहरा असं सगळं येऊन बसतं आणि चित्रातल्या गडद जागा आधी बुडतात.

म्हणून पहिला प्रश्न "ब्राइटनेस किती आहे" हा नाही. स्क्रीनमध्ये कशाचं प्रतिबिंब पडतंय, हे आधी बघायचं.

पण ब्राइटनेस दुप्पट केला तर दुप्पट स्पष्ट दिसेलच ना?

नाही. हे आकड्यांनीच पटतं, म्हणून एक उदाहरण जरा निवांत बघू.

समजा तुमचा फोन पांढरा रंग 600 निट्सने दाखवतो. निट्स म्हणजे स्क्रीन किंवा कुठलीही वस्तू डोळ्यांना किती उजळ दिसते त्याचं माप. गेममध्ये अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात एक शत्रू उभा आहे. शत्रूचा करडा रंग स्क्रीनवर 18 निट्सचा आणि मागची भिंत 6 निट्सची. रात्री खोलीत बसून खेळताना शत्रू भिंतीपेक्षा तिप्पट उजळ दिसतो, अगदी सहज टिपता येतो.

आता बाहेर या. स्क्रीनमध्ये निळं आभाळ दिसतंय. आभाळाची उजळता 5 हजार निट्स धरू आणि काच-गार्ड मिळून 5 टक्के उजेड परत फेकतात असं धरू. म्हणजे पूर्ण चित्रावर 250 निट्सचा पांढुरका थर चढला. शत्रू झाला 268, भिंत झाली 256. फरक जेमतेम 5 टक्के. शत्रू तुम्हाला दिसणारच नाही, गोळी लागल्यावर कळेल.

ब्राइटनेस दुप्पट करा, 1200 निट्स. शत्रू 36, भिंत 12, वर तेच 250. आता 286 आणि 262, म्हणजे फरक 9 टक्के. बॅटरी भराभर उतरतेय, फोन तापतोय, आणि हाती लागलं एवढंच.

आता ब्राइटनेस परत 600 वर आणा आणि फोन असा वळवा की आभाळाऐवजी सावलीतला तुमचा गडद शर्ट त्यात दिसेल. तशा शर्टाची उजळता 300 निट्सच्या आसपास, त्याचे 5 टक्के म्हणजे 15. शत्रू 33, भिंत 21. फरक 57 टक्के! मनगट थोडं वळवल्याने जे मिळालं, ते ब्राइटनेस दुप्पट करूनही मिळालं नव्हतं.

आणि स्क्रीनमध्ये उन्हात तळपणारी पांढरी भिंत दिसत असेल तर? तिची उजळता 20 हजार निट्सपर्यंत सहज जाते. 5 टक्के म्हणजे 1000 निट्स. त्याच्याशी बहुतेक फोन झुंजू शकत नाहीत.

मग बसायची जागा कशी शोधायची?

स्क्रीन बंद करा. बंद स्क्रीन म्हणजे काळा आरसा. नेहमी खेळताना धरता तसा फोन धरा आणि त्यात काय दिसतंय ते बघा. ढग, खिडकी, पांढरी गाडी, उन्हातली भिंत, जे काही चमकतंय ते सगळं तुमच्या शत्रूपक्षात. जागेवरच थोडं वळा, फोन पुढे-मागे झुकवा, दोन पावलं सरका आणि आरशात सगळ्यात काळं दिसेल तिथे बसा. मग गेम सुरू करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि खेळायला बाहेर बसायचं तर मी हे आधी केल्याशिवाय गेम उघडतच नाही.

लोक सावली शोधतात आणि तिथेच फसतात. तुम्ही सावलीत बसलात, पण पाठीमागे उघडं आभाळ असेल तर आरशात आभाळच दिसणार. आपण सावलीत आहोत की नाही यापेक्षा आपल्या डोक्यामागे आणि डोक्यावर काय आहे, हे जास्त महत्त्वाचं. दाट झाडाचा बुंधा, छताखालची अंधारी भिंत, गडद पडदा यांपैकी काही पाठीशी असेल तर उत्तम.

फोन किती झुकवायचा?

वाटतो त्यापेक्षा कमी. आरसा जितका फिरवाल त्याच्या दुप्पट प्रतिबिंब सरकतं. फोन 15 अंश झुकवला की प्रतिबिंब 30 अंश हलतं.

फोन डोळ्यांसमोर सरळ धरलेला असताना त्यात तुमचा चेहरा आणि त्याच्या मागचं आभाळ दिसतं. आता फोनची वरची कड थोडी स्वतःकडे झुकवा, साधारण 15 अंश. फोन 40 सेंटीमीटरवर असेल तर प्रतिबिंब डोळ्यांच्या सुमारे 23 सेंटीमीटर खाली उतरतं, म्हणजे थेट शर्टावर. शर्ट गडद असेल तर काम झालं. पांढरा शर्ट उन्हात असेल तर मात्र आगीतून फुफाट्यात. बाहेर खेळायचं ठरलं असेल तर काळा किंवा गडद निळा टी-शर्ट घालून निघा. हसू नका, कित्येक स्क्रीन गार्डपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

फार झुकवलं तर उलटा परिणाम होतो. एलसीडी स्क्रीन तिरकी पाहिली की फिकी पडते आणि ओएलईडीवर रंग थोडे निळसर किंवा हिरवट सरकतात. 20 अंशांच्या आत राहिलात तर दोन्हीकडे फारसं जाणवत नाही.

सूर्य पाठीमागे असावा की समोर?

दोन्हींत गोची आहे. सूर्य समोर असेल तर स्क्रीन स्वतःच्याच सावलीत येते, हे खरं. पण डोळे दिपतात, तुमचा शर्ट उन्हाने उजळतो आणि फोनची पाठ सरळ उन्हात भाजते. सूर्य पाठीमागे असेल तर खांद्यावरून येणारं ऊन काचेवर आदळतं आणि बोटांचे तेलकट ठसे धुक्यासारखे उजळतात. मात्र सूर्य खाली असेल आणि तुमच्या डोक्या-खांद्यांची सावली पूर्ण स्क्रीनवर पडत असेल, तर पाठीमागचा सूर्य चालतो.

नाहीतर सूर्य डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. तेव्हा काचेवरून उसळणारं ऊन दुसऱ्या बाजूला निघून जातं, डोळ्यांत येत नाही. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना फोन मांडीवर सपाट ठेवून खेळू नका. आभाळाकडे तोंड केलेल्या स्क्रीनमध्ये आभाळाखेरीज काही दिसायचंच नाही.

मी ऑटो ब्राइटनेस बंद करून पट्टी शंभर टक्क्यांवर ठेवतो. बरोबर ना?

घरात बरोबर, उन्हात चूक. ही इतकी सर्रास होणारी चूक आहे की हा प्रश्न खरं तर सगळ्यात वर हवा होता.

बऱ्याच ओएलईडी फोनमध्ये हाताने सरकवायच्या पट्टीचं शंभर टक्के म्हणजे स्क्रीनची खरी कमाल नव्हे. वरचा टप्पा उन्हासाठी राखून ठेवलेला असतो आणि तो फक्त ऑटो ब्राइटनेस चालू असताना, सेन्सरला भरपूर उजेड जाणवला तरच उघडतो. उदाहरणार्थ, आयफोन 14 प्रोची नेहमीची कमाल 1000 निट्स आहे आणि घराबाहेरची 2000 निट्स. पट्टी कितीही ओढली तरी घरात बसून ते 2000 मिळत नाहीत.

तेव्हा बाहेर पडताना ऑटो ब्राइटनेस चालूच ठेवा. आयफोनवर ते जरा आडबाजूला लपलेलं आहे: `Settings > Accessibility > Display & Text Size > Auto-Brightness`. अँड्रॉइडवर बहुतेक `Settings > Display > Adaptive brightness`. बॅटरी सेव्हर आणि रात्रीसाठीचा पिवळा फिल्टर बंद आहेत ना, हेही तिथेच बघून घ्या. आणि काही फोनचा गेम मोड खेळ सुरू होताच ऑटो ब्राइटनेस गोठवतो. तो गोठायच्या आधी तुम्ही सावलीत असाल तर उन्हात आल्यावरही सावलीचाच ब्राइटनेस राहतो.

खेळता खेळता ब्राइटनेस आपोआप खाली येतो. फोन बिघडलाय का?

बहुधा नाही. कारणं दोनच असतात आणि ती वेगळी ओळखता येतात.

पहिलं कारण तुमचा हात. उजेडाचा सेन्सर फोनच्या समोरच्या बाजूला, वरच्या कडेला असतो. फोन आडवा धरला की ती कड एका तळहाताच्या किंवा अंगठ्याच्या खाली जाते. सेन्सरला वाटतं अंधार पडला, आणि तो इमानदारीने ब्राइटनेस उतरवतो. ओळख अशी: ब्राइटनेस खेळ सुरू झाल्यावर काही क्षणांतच पडतो आणि हात काढला की परत चढतो. फोन उलट्या दिशेने आडवा धरून बघा, किंवा त्या हाताची पकड थोडी खाली घ्या. काळ्या किनारीचा स्क्रीन गार्ड वाकडा बसून सेन्सरवर आला असेल तरी हेच होतं. तेव्हा हात काढूनही फरक पडत नाही.

दुसरं कारण ताप. ते हळूहळू येतं, दहा-पंधरा मिनिटांनी. फोनची पाठ चटका देऊ लागते, स्क्रीन मंदावते, गेमही अडखळायला लागतो आणि पट्टी वर ओढली तरी उजेड वाढत नाही. प्रोसेसर, स्क्रीन आणि ऊन तिघं मिळून फोन तापवतात, आणि फोन स्वतःला वाचवायला सगळ्यात आधी ब्राइटनेसवर कात्री लावतो. ॲपलने आयफोनसाठी भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस सांगितलं आहे. कडक उन्हात ठेवलेला फोन हवेपेक्षा बराच जास्त तापतो.

तापलेला फोन लवकर कसा निववायचा?

सावलीत न्या, कव्हर काढा, गेम बंद करा, वारा लागू द्या. चार्जर लावलेला असेल तर काढा. चार्जिंग करत खेळणं हा उन्हात फोन तापवायचा हमखास मार्ग आहे. फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका, आत दमट हवेचं पाणी होतं.

पुन्हा खेळताना ग्राफिक्स एक पायरी खाली आणा आणि फ्रेम रेट 60 वर ठेवा. प्रोसेसरची उष्णता घटली की तेवढी मोकळीक स्क्रीनला मिळते. उन्हात 120 फ्रेमची मंद स्क्रीन आणि 60 फ्रेमची उजळ स्क्रीन यांत मी डोळे झाकून दुसरी निवडतो.

जाहिरातीत 3000 निट्स, 4000 निट्स लिहिलेलं असतं. तेवढे गेममध्ये मिळतात का?

नाही. ते आकडे सहसा स्क्रीनचा छोटा तुकडा उजळला असताना आणि थोड्या वेळापुरते मोजलेले असतात. ओएलईडीवर जितकी जास्त जागा उजळ, तितका प्रत्येक भागाचा उजेड कमी, कारण एकूण वीज मर्यादित असते. बर्फाळ किंवा वाळवंटी नकाशा पूर्ण स्क्रीनभर पसरला की खरा आकडा बराच खाली असतो. फोन घेताना पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवर मोजलेला उन्हातला ब्राइटनेस शोधा, तोच कामाचा.

उन्हासाठी कोणता स्क्रीन गार्ड घ्यावा? मॅट ना?

मॅटचं नाव सगळे घेतात, पण ते अर्धंच खरं आहे.

मॅट गार्डचा पृष्ठभाग बारीक खरबरीत असतो. तो उजेड गिळत नाही, फक्त पसरवतो. खिडकी, ट्यूबलाइट यांची ठळक प्रतिबिंबं पुसट होतात, म्हणून खोलीत किंवा गच्च सावलीत तो सुखाचा वाटतो. बोटही त्यावर सुळकन फिरतं, घामट हातांना बरं पडतं. पण थेट ऊन पडलं की साध्या काचेवर एका कोपऱ्यात दिसणारा सूर्य मॅटवर पूर्ण स्क्रीनभर दुधाळ होऊन पसरतो. काचेवर तो कोपरा झुकवून टाळता येतो. मॅटवर टाळायला कोपराच उरत नाही. शिवाय बारीक अक्षरं आणि लांबचे शत्रू थोडे रवाळ दिसतात.

उन्हासाठी खरा उपयोगाचा प्रकार म्हणजे परावर्तनरोधक थर दिलेली पारदर्शक काच, दुकानात तिला एआर कोटिंगचा गार्ड म्हणतात. यात इतके पातळ थर असतात की काचेवरून आणि थरावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना खोडतात. चांगल्या थराने 4 टक्क्यांचं परावर्तन 1 टक्क्याच्या आसपास येतं. मघाचं उदाहरण आठवा: काच-गार्डचे 5 टक्के 2 वर आले आणि आभाळाचा 250 चा थर 100 च्या आसपास उतरला तर काय फरक पडेल ते हिशेब करून बघा. खरं-खोटं ओळखायला बंद स्क्रीनवर दिव्याचं प्रतिबिंब पाहा. ते मंद आणि जांभळट किंवा हिरवट दिसलं तर थर आहे. साध्या काचेसारखं पांढरं झगझगीत दिसलं तर फक्त पाकिटावर लिहिलेलं आहे.

त्याचीही कटकट आहे. बोटांचे ठसे त्यावर जास्त उठून दिसतात, कारण तेल लागलं तिथे थराचा परिणाम बिघडतो. आणि घासून घासून थर झिजतो. मायक्रोफायबरचं कापड खिशात ठेवा, शर्टाच्या टोकाने पुसू नका.

फोनच्या काचेवरच असा थर असेल तर?

तर वर साधा गार्ड लावू नका. गॅलेक्सी एस24 अल्ट्रापासून काही फोनच्या काचेतच परावर्तन कमी केलेलं असतं. हा फायदा काच आणि हवा जिथे भेटतात तिथे मिळतो. वर साधी टेम्पर्ड काच चिकटवली की हवेला भेटणारी काच तीच होते आणि 4 टक्के परत आले. पैसे देऊन घेतलेली गोष्ट स्वस्त काचेखाली गाडली जाते. गार्ड हवाच असेल तर एआर कोटिंगचाच घ्या.

प्रायव्हसी गार्ड?

उन्हात नको. त्यातल्या बारीक उभ्या पट्ट्या समोरून जाणारा उजेडही अडवतात आणि फोन थोडा तिरका धरला की अंधार. तिरका धरणं हाच तर आपला उपाय आहे.

गार्ड फक्त कडांना चिकटलेला आहे, मध्ये पोकळ आहे. चालेल?

खेळता येईल, पण उन्हात त्रास होईल. मध्ये हवेची फट राहिली की परावर्तनाचे दोन पृष्ठभाग वाढतात, गार्डची खालची बाजू आणि फोनची वरची. प्रत्येकी साधारण 4 टक्के. म्हणजे 4 ऐवजी जवळजवळ 12 टक्के उजेड परत फिरणार. बंद स्क्रीनवर दिव्याची एकापेक्षा जास्त प्रतिबिंबं एकमेकांवर सरकलेली दिसली तर अशी फट आहे. पूर्ण गोंदाचा गार्ड लावा.

गेमच्या आत काय बदलायचं?

गॅमा. गेममध्ये ब्राइटनेस नावाची जी पट्टी असते, ती बहुतेक वेळा गॅमाच असते. ती स्क्रीनचा दिवा वाढवत नाही, चित्रातल्या काळोख्या भागांना वर उचलते. मघाचा शत्रू आणि भिंत, 18 आणि 6, गॅमा बऱ्यापैकी चढवल्यावर साधारण 73 आणि 38 होतात. आभाळाचे 250 मिळवा: 323 आणि 288. फरक 12 टक्के, म्हणजे ब्राइटनेस दुप्पट करून मिळालेल्या 9 पेक्षा जास्त. चित्र फिकं, धुरकट दिसेल. दिसू द्या, घरी आल्यावर परत उतरवा. शत्रूभोवती रंगीत बाह्यरेषा दाखवायची सोय असेल तर तीही चालू करा, आणि मेन्यूचा डार्क मोड बाहेर बंद ठेवा.

गॉगल घातला की स्क्रीन काळी होते!

गॉगल पोलराइज्ड आहे. तो एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडतो, आणि स्क्रीनमधून निघणारा प्रकाशही बहुधा एकाच दिशेचा असतो. दोन्ही काटकोनात आले की अंधार. फोन उभा धरल्यावर नीट आणि आडवा धरल्यावर काळा, किंवा याच्या उलट, असं झालं तर खात्रीच समजा. गेम आडवाच असेल तर साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगल वापरा. झापड असलेली टोपी त्याहून बरी. ती डोळ्यांवरचं आभाळ अडवते आणि कोन जमला तर स्क्रीनवरही सावली धरते.

हँडहेल्ड कन्सोलचं काय?

नियम तेच, फक्त उन्हासाठी राखलेला वरचा टप्पा सहसा नसतो, त्यामुळे कोनाचं महत्त्व आणखी वाढतं. 2022 चा एलसीडी स्टीम डेक 400 निट्सचा आहे. 2023 च्या ओएलईडी आवृत्तीत साध्या चित्राला 600 आणि उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणाऱ्या एचडीआर चित्राला 1000 निट्सपर्यंत मिळतात. पण मघाच्या हिशेबात पाहिलंच, 400 वरून 600 वर जाण्यापेक्षा आभाळाकडची पाठ वळवणं जास्त देतं.

कन्सोलला एक सोपा आडोसा करता येतो. जाड काळा पुठ्ठा घ्या, वर आणि दोन्ही बाजूंना तीन पाकळ्या उभ्या राहतील असा दुमडा. पाकळ्यांची खोली स्क्रीनच्या उंचीएवढी तरी हवी, त्याहून आखूड असेल तर ऊन खालच्या अर्ध्या भागावर पोचतंच. आतून चमक नको, चकचकीत काळा कागद पुन्हा आरसाच होतो. हवा बाहेर टाकायच्या जाळ्या मात्र झाकू नका.

उन्हात जास्त छान दिसणारी स्क्रीन कधी नव्हतीच का?

होती की. 2001 च्या गेम बॉय ॲडव्हान्सला स्वतःचा दिवाच नव्हता. बाहेरचा उजेड परत फेकूनच त्याचं चित्र उमटायचं, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकं चित्र स्पष्ट, आणि संध्याकाळ झाली की पोरं दिव्याखाली जाऊन बसायची. 2022 चं प्लेडेट हे छोटं कन्सोलही तसंच आहे, फक्त काळं-पांढरं.